ब्रश ठेवला की गोळी: जुन्या सवयीला नवी सवय कशी जोडायची

थायरॉइडची गोळी घेणाऱ्या माणसाला विचारा, की गोळी राहिली हे तुमच्या लक्षात कधी येतं? उत्तर बहुतेक वेळा एकच मिळतं: चहाचा पहिला घोट घेतल्यावर. ही गोळी, म्हणजे लेव्होथायरॉक्सिन, रिकाम्या पोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची असते आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहा, कॉफी, नाश्ता काही नको, असं डॉक्टर सांगतात. पोटात काही असलं की ती नीट शोषली जात नाही. म्हणजे आठवण येते तेव्हा त्या दिवसाची योग्य वेळ नुकतीच निघून गेलेली असते. आणि हे रोज होतं, चांगल्या टापटिपीच्या माणसांच्या बाबतीतही होतं.

याचं कारण विसराळूपणा नाही. डॉक्टर म्हणाले, ‘सकाळी चहाच्या आधी घ्या.’ मनाने ती गोळी चहाशी जोडून ठेवली. मग कप समोर आला की गोळी आठवते, कारण तिचं नातं कपाशी आहे. ‘आधी’ ही वेळ मनाला ओळखताच येत नाही. चहाच्या आधीच्या क्षणी चहा नसतो, त्यामुळे आठवण करून द्यायला तिथे काहीच नसतं. नवी सवय जोडताना सगळ्यात जास्त गडबड इथे होते, म्हणून या लेखाचा मुख्य मुद्दा आधीच सांगून टाकते: प्रत्येक ‘अमुकच्या आधी’चं रूपांतर ‘तमुक झाल्यावर’मध्ये करायचं. जे नुकतंच हातावेगळं झालं आहे, तेच पुढच्या कामाची आठवण देऊ शकतं.

हे कसं करायचं ते माझ्या मावशीच्या उदाहरणावरून सांगते. ती साताऱ्याला असते आणि ही गोळी गेली काही वर्षं घेते. गोळ्यांची बाटली फ्रिजवर असायची आणि मोबाइलमध्ये सहाचा गजर. पण सहा वाजता नळाला पाणी येतं. गजर वाजायचा तेव्हा तिचे हात ओले आणि नजर भरत आलेल्या पिंपावर. ती कोपराने गजर बंद करायची, ‘पिंप भरलं की घेते’ म्हणायची, आणि पुढची आठवण थेट चहाला.

आधी सकाळ लिहून काढा

पहिलं काम कागद-पेनाचं. आठवडाभर सकाळी उठल्यापासून नाश्त्यापर्यंत जे जे होतं ते ज्या क्रमाने होतं त्या क्रमाने लिहायचं. वेळ लिहिली नाही तरी चालेल, क्रम महत्त्वाचा. आठवडा यासाठी, की त्यात रविवार आला पाहिजे, आणि एखादा उपवासाचा किंवा पाहुण्यांचा दिवस आला तर उत्तमच. आपली सकाळ रोज सारखी असते असं आपल्याला वाटतं, पण कागदावर ती बरीच वेगळी दिसते.

मावशीच्या कागदावर अशी कामं होती: उठणं, खिडक्या उघडणं, दात घासणं, पाणी भरणं, दुधाची पिशवी आत घेणं, काकांचा आणि स्वतःचा चहा, आंघोळ, पूजा, नाश्त्याची तयारी. त्यातली रोज, न चुकता, एकदाच होणारी कोणती? ज्या जुन्या कृतीला नवी कृती टांगायची तिला आपण खुंटी म्हणू. खुंटीला तीन गोष्टी लागतात. ती रोज झाली पाहिजे. ती नव्या कामाच्या योग्य वेळेत झाली पाहिजे. आणि ती संपते कधी हे ठणठणीत कळलं पाहिजे.

‘उठणं’ बाद, कारण उठणं नेमकं कुठे संपतं ते सांगता येत नाही. पाणी एक दिवसाआड येतं. दूधवाला कधी साडेपाचला येतो, कधी साडेसहाला. पूजा ही मावशीची सगळ्यात पक्की सवय, म्हणून तिचा ओढा तिकडे होता, पण सुतक आलं की त्यांच्याकडे पूजा थांबते, आणि परगावी गेल्यावर तर होतच नाही. दहा-बारा दिवस खुंटीच नसेल तर तिला टांगलेलं सगळं खाली येणार. चहा उशिराचा. राहिलं दात घासणं. ते रोज होतं, घरी होतं तसं लग्नघरीही होतं, तापातही होतं, आणि चहाच्या बरंच आधी होतं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. माणसं बहुधा आपल्या आवडीच्या सवयीला नवी सवय जोडतात. आवडीपेक्षा ती सवय किती कंटाळवाणी आणि न टळणारी आहे हे पाहा. दिवा लावणं, कुलूप लावणं, चप्पल काढणं, ब्रश ठेवणं अशा कृती खुंटी म्हणून फार कामाच्या असतात, कारण त्या करायच्या की नाही असा विचारच आपण करत नाही.

खुंटीचं टोक शोधा

‘दात घासल्यावर’ एवढं पुरत नाही. दात घासल्यावर तोंड धुणं आहे, टॉवेल आहे, केस विंचरणं आहे, मग खिडकीपाशी जाणं आहे. यातल्या कुठल्या क्षणी गोळी? नेमका क्षण ठरला नसेल तर मन ‘आता घेऊच’ म्हणत पुढे सरकतं आणि सरकतच राहतं.

म्हणून जुन्या कृतीची अगदी शेवटची हालचाल शोधायची. बेसिनसमोर उभं राहून सावकाश दात घासून पाहा, आणि हात शेवटी काय करतो ते बघा. मावशी चूळ भरते, ब्रश नळाखाली धुते, झटकते आणि स्टीलच्या पेल्यात ठेवते. ब्रश पेल्यात पडतो तेव्हा ‘टण्’ असा बारीक आवाज येतो. तो आवाज म्हणजे टोक. त्या क्षणी उजवा हात मोकळा झालेला असतो आणि दुसरं काही अजून सुरू झालेलं नसतं. अशी मोकळी जागा दोन कामांच्या मध्ये एक-दोन सेकंदच असते, आणि नवी कृती बसवायची ती तिथेच.

आवाज, स्पर्श किंवा दिसणारी हालचाल असलेलं टोक सगळ्यात चांगलं. गॅसचं बटण बंद होताना हाताला लागणारा खटका, कडी लागल्याचा आवाज, बाइकची किल्ली काढणं ही अशीच टोकं.

जुन्या सवयीच्या मागे जोडायचं की पुढे, यावर इंग्लंडमध्ये एक छोटा अभ्यास झाला होता, तो 2013 साली प्रसिद्ध झाला. 50 लोकांना दातांतून दोरा फिरवायची सवय लावायची होती. अर्ध्यांना ब्रश करण्याच्या आधी आणि अर्ध्यांना नंतर करायला सांगितलं. आठ महिन्यांनी पाहिलं तेव्हा ब्रशनंतर करणाऱ्यांमध्ये सवय अधिक टिकलेली दिसली. माणसं 50 म्हणजे थोडीच, पण वर चहाच्या बाबतीत जे घडतं तेच इथे दिसतं.

एक वाक्य लिहा, आणि ते बोला

आता ठरलेलं एका वाक्यात लिहायचं. मावशीचं वाक्य असं होतं: ‘ब्रश पेल्यात ठेवला की मी उजव्या हाताने बाटली उचलते.’

यात ‘रोज वेळेवर गोळी घेईन’ असा निश्चय नाही. क्षण आहे आणि हाताची हालचाल आहे. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने अशा ‘अमुक झालं की तमुक’ स्वरूपाच्या ठरावांवर खूप काम केलं आहे. 2006 साली त्याने आणि पास्कल शीरन यांनी अशा 94 चाचण्या एकत्र तपासल्या, आणि नुसतं ठरवण्यापेक्षा क्षण आणि कृती जोडून ठरवणारे लोक ठरवलेलं काम बरंच जास्त वेळा पार पाडतात असं त्यांना आढळलं. अशा वाक्यामुळे तो क्षण मनात आधीच नोंदला जातो, आणि तो समोर आला की ओळखू येतो.

वाक्यात पहिलीच हालचाल लिहायची, सगळं काम नाही. बाटली उचलली की झाकण उघडणं, गोळी काढणं, पाणी पिणं आपोआप मागे येतं. अडतं ते उचलण्यापाशी. नव्या सवयीचं काम मोठं असेल, समजा वीस मिनिटं चालायला जायचं असेल, तरी वाक्य बूट घालण्यापुरतंच ठेवा.

वस्तू हाताच्या टप्प्यात आणा

आठवण क्षणभर टिकते. तेवढ्यात हाताला वस्तू लागली नाही तर ती शोधायला जावं लागतं, वाटेत दुधाची पिशवी दिसते, आणि संपलं. मावशीचं बेसिन स्वयंपाकघराबाहेरच्या बोळात आहे, फ्रिज आत. फ्रिजपर्यंतची ती आठ-दहा पावलंसुद्धा जास्त होती.

बाटली बेसिनपाशी आणायची ठरली, पण इथे एक काळजी घ्यावी लागते. ही गोळी दमट हवा, उष्णता आणि उजेड यांनी खराब होते. बेसिन बाथरूममध्ये असेल तर बाटली तिथे ठेवू नका. बाथरूमच्या दारालगत बाहेर, कोरड्या फळीवर ठेवा, आणि मग ‘दाराची कडी काढली की’ असं टोक निवडा. मावशीच्या बोळात भिंतीवर बंद दाराचं छोटं लाकडी कपाट होतं, बाटली त्यात गेली. लहान नातवंडं येत असतील तर उंचीही पाहायला हवी. शेजारी रात्रीच झाकून ठेवलेला पाण्याचा तांब्या. पाण्यासाठी आत जावं लागलं असतं तर साखळी तिथेच तुटली असती.

हे मांडून झाल्यावर एकदा कोरडी तालीम करा. दुपारी, निवांत, बेसिनसमोर उभं राहून: ब्रश पेल्यात, कपाट, बाटली, झाकण, तांब्या, आणि गोळी न घेता परत सगळं जागेवर. चार-पाच वेळा. हे जरा पोरकट वाटतं, पण तालमीत जे कळतं ते विचार करून कळत नाही. मावशीला कळलं, की कपाटाचं दार डावीकडे उघडतं आणि ते पेल्यावर आपटतं. पेला दुसऱ्या बाजूला गेला.

‘घेतली का?’ हा पुढचा प्रश्न

सवय बसू लागली की एक नवी अडचण येते, आणि सवयींवर लिहिणारे तिच्याबद्दल फारसं बोलत नाहीत. जे काम न विचार करता होतं त्याची आठवण मागे राहत नाही. दाराला कुलूप लावलं का, गॅस बंद केला का, हे म्हणूनच आठवत नाही. गोळीच्या बाबतीत हे धोक्याचं आहे, कारण शंका आली म्हणून माणूस दुसरी गोळी घेऊन बसतो.

म्हणून कामाची खूण उरली पाहिजे. पाकिटातल्या गोळ्या असतील तर सात खणांची डबी सोपी: आजचा खण रिकामा म्हणजे गोळी घेतली. ही गोळी मात्र अनेकदा बाटलीतून मिळते आणि ती मूळ बाटलीतच ठेवलेली बरी. मावशीने खूण केली ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर. दुधाचा हिशोब ती नाहीतरी त्याच चौकोनांत लिहायची, त्याच कॅलेंडरला दोऱ्याने पेन बांधलेलं होतं. ते कॅलेंडर स्वयंपाकघरातून काढून बोळात आलं. गोळी गिळून तांब्या खाली ठेवला की चौकोनात बरोबरची खूण.

खूण कधी करायची याबाबत काटेकोर राहा. गोळी पोटात गेल्यावरच. आधी खूण करून मग बाटली उघडणाऱ्याला कोणी हाक मारली तर कॅलेंडर खोटं बोलू लागतं, आणि एकदा त्याच्यावरचा भरवसा उडाला की ते निरुपयोगी.

याच खुणेचा दुसरा उपयोग आहे. मावशीने चहाची पातेली घेण्याआधी कॅलेंडरकडे पाहायचं ठरवलं, पण ‘आधी’ आलं म्हटल्यावर तेही चाललं नाही. मग चहा-साखरेचे डबे ठेवायची जागा बदलली. ते बोळातल्या त्याच कपाटाच्या खालच्या खणात आले. डबा काढायला वाकलं की कॅलेंडर समोर. ब्रशपाशी निसटलेली गोळी इथे सापडते, आणि तीही घोट घेण्याआधी.

मधला अर्धा तास कसा काढायचा, हा प्रश्न क्रम बदलून सुटला. पूर्वी चहा, मग आंघोळ, मग पूजा असं असायचं. आता गोळीनंतर पाणी भरणं, आंघोळ, पूजा, आणि मग चहा. घड्याळ पाहावं लागत नाही, कामंच वेळ मोजतात. काकांना चहा लवकर लागतो, तो आता ते स्वतः करून घेतात. घरातल्या दुसऱ्या माणसाचा क्रम तुमच्या सवयीत गुंतलेला असेल तर हे बोलणं पहिल्याच दिवशी करून टाकावं.

गजराचं काय करायचं?

गजर काढून टाकायची गरज नाही, पण त्याची जागा बदला. मोबाइलच्या आठवणीवर चालणाऱ्या सवयींचा 2015 साली लंडनमध्ये अभ्यास झाला, त्यात असं दिसलं, की आठवण करून दिल्याने काम होत राहतं, पण ते आपोआप व्हायला लागत नाही. माणूस ब्रशकडे लक्ष देण्याऐवजी फोनची वाट पाहायला शिकतो. शिवाय गजर घड्याळ पाहून वाजतो, तुमचे हात मोकळे आहेत का हे त्याला ठाऊक नसतं.

म्हणून गजर ब्रशच्या वेळेच्या नंतरचा लावा, तुमचा चहा होण्याच्या थोडा आधीचा. कॅलेंडरवर खूण असेल तर तो नुसता बंद करायचा. दोन-तीन आठवडे तो दरवेळी खूण झाल्यावरच वाजला, की काढून टाका.

एखादा दिवस चुकला तर

चुकल्यावर स्वतःला एकच प्रश्न विचारा: मला आठवण कधी आली? उत्तरावरून दुरुस्ती ठरते.

आठवण आलीच नाही, थेट चहाला आली, तर खुंटीचं टोक कच्चं आहे. ब्रश ठेवल्यावर तुमचं लक्ष कुठे होतं ते पाहा. मावशीचं असं झालं ते दात घासताना फोनवर बोलण्यामुळे. फोन कानाला असताना ‘टण्’ ऐकू येणार कसं? पहिले काही आठवडे बेसिनपाशी फोन नको, एवढीच दुरुस्ती पुरली.

आठवण आली पण ‘नंतर घेते’ म्हटलं, तर अडचण मांडणीत आहे. तांब्यात पाणी नव्हतं, झाकण घट्ट होतं, बाटली रिकामी झाली होती. अशा वेळी निश्चय वाढवून उपयोग नाही. तांब्या रात्री कोण भरणार ते ठरवा, आणि बाटलीत आठवडाभराच्या गोळ्या उरल्या की नवी आणा.

आणि तिसरा प्रकार, खुंटीच आली नाही. पहाटेची एसटी पकडायची म्हणून दात स्टँडवर घासले, दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नानाच्या घाईत सगळा क्रमच उलटला. प्रवासासाठी उपाय सोपा आहे: थोड्या गोळ्यांची वेगळी छोटी बाटली औषधाच्या दुकानदाराला विचारून घ्या आणि ती ब्रशच्याच पिशवीत ठेवा. ब्रश जिथे जाईल तिथे गोळी जाते. पूजेपेक्षा ब्रश निवडण्याचा फायदा इथे दिसतो.

चुकलेल्या दिवशी गोळी चहानंतर काही वेळाने घ्यायची की सोडून द्यायची, हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी मनाने दोन घेऊ नका.

सवयीचं म्हणाल तर एका चुकीने ती मोडत नाही. लंडनच्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 लोकांना रोजच्या एका ठराविक क्षणाला, जसं न्याहारीनंतर, एक नवी कृती जोडायला सांगितली होती. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात एखादी संधी हुकल्याने सवय बसण्यावर फारसा परिणाम दिसला नाही. कृती आपोआप व्हायला लागायचा मध्यम काळ 66 दिवस निघाला, पण माणसामाणसांत तो 18 पासून 254 दिवसांपर्यंत बदलत होता. अभ्यास 12 आठवड्यांचाच होता, त्यामुळे मोठे आकडे हिशोबाने काढलेले अंदाज आहेत. ‘21 दिवसांत सवय लागते’ हे मात्र विसरून जा. एक घोट पाणी पिण्यासारखी कृती लवकर बसते, व्यायामासारखी उशिरा.

जिथे ही रीत चालत नाही

एका खुंटीला एकच नवी कृती. ब्रशनंतर गोळी बसली हे पाहून मावशीच्या सुनेने तिथेच कॅल्शियमची गोळी आणि प्राणायामही जोडायचं सुचवलं. कॅल्शियम आणि लोह या गोळीपासून साधारण चार तास लांब ठेवावे लागतात, त्यामुळे ते तसंही शक्य नव्हतं. कॅल्शियमला दुपारच्या जेवणाची खुंटी मिळाली: ताट उचलून मोरीत ठेवलं की गोळी.

दुखलं तरच घ्यायच्या गोळीला अशी खुंटी देऊ नका, कारण दुखणं वेळापत्रकाने येत नाही. आठवड्यातून एकदा घ्यायची ड जीवनसत्त्वाची गोळी रोजच्या कृतीला जोडली तर सहा दिवस ती कृती आठवण न देता जाते, आणि मग सातव्या दिवशीही देत नाही. तिला आठवड्याचीच कृती हवी. रविवारची पुरवणी वाचून घडी घातली की, किंवा बाजारातून आणलेली भाजी निवडून झाली की.

शेवटची खबरदारी डोस बदलल्यावरची. डॉक्टर कधी आठवड्यातले काही दिवस वेगळ्या ताकदीची गोळी घ्यायला सांगतात. बसलेली सवय अशा वेळी आड येते, कारण हात न पाहता जुनीच बाटली उचलतो. तेव्हा दोन्ही बाटल्या शेजारी ठेवू नका. त्या आठवड्यापासून बाटलीची जागा आणि कॅलेंडरवरची खूण दोन्ही बदला, कुठल्या वारी कुठली गोळी ते चौकोनांत आधीच लिहून ठेवा, कोरडी तालीम पुन्हा करा, आणि काढून टाकलेला गजर काही आठवड्यांसाठी परत लावा.